खोक्यावरचे वॉट आणि बिलावरची युनिटं

नवा कॉम्प्युटर असेंबल करायला निघालेला माणूस प्रोसेसरवर महिनाभर विचार करतो, ग्राफिक कार्डाचे पन्नास व्हिडिओ बघतो आणि एसएमपीएसची वेळ आली की दुकानदाराला म्हणतो, "त्याला साजेसा कुठला तरी लावा." मग एक तर कॅबिनेटसोबत आलेला हलका एसएमपीएस गळ्यात पडतो, नाहीतर "पुढे कधी लागलाच तर" म्हणून हजार वॉटचा घेतला जातो. घरी आल्यावर वडील खोक्यावरचा आकडा वाचतात आणि विचारतात, "हजार वॉट? म्हणजे इस्त्रीच चालू ठेवल्यासारखं की!"

वडिलांची शंका रास्त आहे, पण खोक्यावरचा आकडा बिल सांगत नाही. एसएमपीएस जास्तीत जास्त किती वीज पुरवू शकेल, एवढंच तो सांगतो. टाकी हजार लिटरची आहे म्हणून घरात रोज हजार लिटर पाणी वापरलं जात नाही, तसंच हे आहे. आतले भाग मागतील तेवढीच वीज एसएमपीएस भिंतीतून ओढतो, आणि वर रूपांतरात वाया जाणारी थोडी. म्हणून हिशेब दोन आहेत आणि ते वेगळे ठेवावे लागतात. एसएमपीएस निवडताना सगळ्यात वाईट क्षण धरायचा. बिल काढताना वर्षभरातले सगळे तास धरायचे. यांची सरमिसळ झाली की एकीकडे एसएमपीएस चुकतो आणि दुसरीकडे बिलाची भीती नको तेवढी वाढते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. समजा, सांगलीतला एक तरुण लग्नाचे आणि छोट्या जाहिरातींचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री थोडा वेळ गेम खेळतो. त्याने इंटेलचा कोअर आय7-14700के प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स 4070 सुपर हे कार्ड निवडलं आहे. प्रोसेसर इंटेलचा घेण्यामागे कारण आहे. त्याचे कॅमेरे 10-बिट 4:2:2 प्रकारचं एच.265 फुटेज देतात. ते सहज उलगडण्याची सोय इंटेलच्या या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्स भागात आहे, 40 मालिकेतल्या एनव्हिडिया कार्डांत नाही. टाइमलाइनवर असं फुटेज अडखळायला लागलं की हा फरक लगेच जाणवतो.

आता वाईट क्षणाची बेरीज. या प्रोसेसरच्या माहितीपत्रकात विजेचे दोन आकडे असतात, 125 वॉट आणि 253 वॉट. घाईत लोक पहिला उचलतात. 125 हा मूळ वेगावर चालतानाचा आकडा आहे. एक्स्पोर्ट चालू असताना सगळे कोअर जोर लावतात, तेव्हाची मर्यादा 253 आहे आणि आपल्याला तीच धरायची आहे. एएमडीच्या प्रोसेसरवरही असाच चकवा असतो. त्यांच्या एएम5 मालिकेत खोक्यावर 170 वॉट लिहिलेलं असेल, तर प्रोसेसर प्रत्यक्षात 230 वॉटपर्यंत जाऊ शकतो आणि 65 वाला 88 पर्यंत. ढोबळमानाने खोक्यावरचा आकडा 1.35 ने गुणायचा.

ग्राफिक कार्डाचा आकडा 220 वॉट. राहिले मदरबोर्ड, रॅम, दोन एसएसडी, एक हार्ड डिस्क, पंखे आणि लिक्विड कूलरचा पंप. यांच्यासाठी मिळून 70 वॉट धरले तरी पुरे. एकूण 543 वॉट.

या बेरजेत एक गृहीत लपलं आहे, ते म्हणजे प्रोसेसर खरोखरच 253 वर थांबेल. बरेच मदरबोर्ड विकत घेतल्या अवस्थेत ही मर्यादा काढूनच टाकतात. मग एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर त्याहून वर जातो, खोली तापते आणि वेळ वाचतो तो नगण्य. 2024 मध्ये इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल अस्थिरतेच्या तक्रारी आल्या. त्यानंतर कंपनीने मायक्रोकोड बदलला आणि मदरबोर्डांवर Intel Default Settings नावाची सेटिंग आली. हा प्रोसेसर घेणाऱ्याने मदरबोर्डचं बायोस अपडेट करून ती सेटिंग निवडावी, हे मी आग्रहाने सांगेन. आणखी एक पाऊल पुढे जाता येतं. बायोसमध्ये PL1 आणि PL2 या दोन्ही मर्यादा 180 वर आणल्या, तर प्रोसेसरची वरची भूक जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते, पण एक्स्पोर्टचा वेग त्या मानाने फारच थोडा घटतो. शेवटच्या काही टक्के वेगासाठी हे प्रोसेसर भरमसाट वीज जाळतात. पण एसएमपीएस निवडताना 253 च धरू, कारण उद्या कोणी बायोस रीसेट केलं तर मर्यादा पुन्हा वर जाईल.

543 वॉट लागतात, मग 550 चा एसएमपीएस का नको? याचं उत्तर ग्राफिक कार्डाच्या स्वभावात आहे. 220 वॉट हा त्याचा सरासरी आकडा आहे. गेममध्ये दृश्य बदललं, स्फोट झाला, की कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती किंवा त्याहूनही कमी वेळापुरती कितीतरी जास्त वीज मागतं. मोजणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरला ते दिसतही नाही, पण एसएमपीएसमधल्या संरक्षक सर्किटला दिसतं. 2020 मध्ये आरटीएक्स 3080 आणि 3090 आली, तेव्हा चांगल्या कंपन्यांचे, कागदावर पुरेसे असलेले एसएमपीएसही असे झटके बसून बंद पडत होते. 2022 मध्ये आलेल्या एटीएक्स 3.0 या मानकाने हे झटके गृहीत धरले. नव्या 16 पिनांच्या कनेक्टरचा, 450 वॉटच्या वरचा एसएमपीएस या मानकात बसायचा असेल, तर त्याने 100 मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. त्यामुळे आज नवा एसएमपीएस घेताना त्यावर एटीएक्स 3.0 किंवा 3.1 लिहिलं आहे का, हे मी वॉटच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं मानतो.

झटक्यांसाठी आणि सततच्या कामासाठी जागा ठेवायची म्हणजे बेरीज क्षमतेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास यावी. 543 ला 0.75 ने भागलं की 724 येतात. बाजारात त्याच्या जवळचा आकडा 750. एनव्हिडिया या कार्डासाठी 650 वॉट सुचवते आणि गेमपुरतं ते पुरेल, कारण गेममध्ये प्रोसेसर क्वचितच 253 पर्यंत जातो. एडिटिंगच्या कामात मात्र प्रोसेसर आणि कार्ड दोघंही एकदम राबतात. म्हणून या तरुणाने 750 च घ्यावा. दोन-तीन वर्षांत 300 वॉटचं कार्ड बसवायचं पक्कं असेल तर 850. त्यापुढे जाण्याचं कारण या मशीनमध्ये दिसत नाही.

लॅमिंग्टन रोडवर काय किंवा गावातल्या दुकानात काय, काउंटरवर आणखी एक गोष्ट बघायची असते ती एसएमपीएसच्या कुशीवर चिकटवलेल्या तक्त्यात. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज 12 व्होल्टच्या लाइनवरून घेतात. त्या रकान्यातले अँपिअर बघा आणि 12 ने गुणा. प्रामाणिक 750 वॉटच्या एसएमपीएसवर तिथे 62 च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे 744 वॉट. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या "450 वॉट"च्या डब्यावर तिथे 18 अँपिअर लिहिलेले दिसले, तर त्या लाइनवर मिळतात फक्त 216 वॉट. बाकीचे वॉट 5 आणि 3.3 व्होल्टवर दाखवलेले असतात आणि आजच्या कॉम्प्युटरला तिथे एवढी गरजच नसते. असा डबा आपल्या मशीनला लावला, तर पहिल्याच एक्स्पोर्टला तो मान टाकेल. बंद पडला तर नशीब म्हणायचं, कारण संरक्षक सर्किट नसलेला डबा जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

एसएमपीएस कमी पडतोय हे ओळखायचं कसं? त्याची एक ठरावीक खूण आहे. गेम सुरू होताच किंवा एक्स्पोर्ट रंगात आलेला असताना मशीन निळी स्क्रीन न दाखवता, कुठलाही संदेश न देता, बटण बंद केल्यासारखं एकदम विझतं. कधी आपोआप पुन्हा सुरू होतं. कधी मागचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय सुरूच होत नाही, कारण संरक्षक सर्किटने कडी लावलेली असते. विंडोजच्या नोंदीत Kernel-Power 41 दिसतं, पण तिचा अर्थ "मशीन नीट बंद झालं नाही" एवढाच आहे. त्यावरून कोणी एसएमपीएसला दोषी ठरवत असेल तर त्याला थांबवावं. उलट निळी स्क्रीन येणं, चित्र गोठणं, फक्त गेमच बंद पडणं, यांमागे बहुतेक वेळा रॅम, ड्रायव्हर किंवा तापमान असतं.

शंका तपासण्यासाठी पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि कार्डाची मर्यादा 80 टक्क्यांवर, म्हणजे 176 वॉटवर आणायची. दुसरी ओळ कार्ड दर सेकंदाला किती वीज घेतंय ते दाखवते:

```
nvidia-smi -pl 176
nvidia-smi --query-gpu=power.draw --format=csv -l 1
```

मग तोच गेम, तोच प्रसंग पुन्हा खेळून बघायचा. विझणं थांबलं तर बोट एसएमपीएसकडे, त्याच्या केबलकडे किंवा भिंतीतल्या सॉकेटकडे वळतं. सॉकेट तपासणं लोक विसरतात. सैल झालेला प्लग आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड हुबेहूब हीच लक्षणं दाखवतात.

यूपीएसचंही तसंच. घरोघरी दिसणारा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच पेलतो. आपलं मशीन एक्स्पोर्ट करताना भिंतीतून त्याहून बरंच जास्त ओढतं. अशा वेळी लाइट गेली की यूपीएस चीं करतो आणि मशीनसह झोपतो, आणि दोष बिचाऱ्या एसएमपीएसवर जातो. या मशीनला दोन मॉनिटरसह सुमारे 900 वॉटचा यूपीएस लागेल. घेताना व्हीएचा आकडा सोडून वॉटचा विचारायचा.

आता दुसरा हिशेब, बिलाचा. इथे 543 विसरायचे आणि 750 सुद्धा. या तरुणाचा दिवस बघायचा. टाइमलाइनवर काटछाट करताना मशीन सरासरी 220 वॉट ओढतं असं धरू. क्लिप चालवली की वर जातं, विचार करत बसला की खाली येतं. हे रोज चार तास. एक्स्पोर्ट एक तास, 480 वॉटने. गेम दीड तास, 400 वॉटने. आणि अडीच तास मशीन नुसतं चालू असतं, फाइल कॉपी होत असते, फोन चालू असतो, जेवण असतं. तेव्हा 100 वॉट. हे सगळे आकडे भिंतीतून ओढल्या जाणाऱ्या विजेचे आहेत, म्हणजे एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीजही यात आली.

गुणाकार केले की दिवसाचे 2,210 वॉट-तास होतात, म्हणजे 2.21 युनिट. दोन मॉनिटर मिळून 70 वॉटचे, आठ तास चालू, म्हणजे आणखी 0.56 युनिट. दिवसाचे 2.77. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर 831 युनिट. मशीन बंद असतानाही मागचं बटण चालू असेल तर दोन-तीन वॉट जात राहतात. त्याचे वर्षाला 18 च्या आसपास. एकूण साधारण 850 युनिट, महिन्याला सरासरी 71.

खोक्यावरचे 750 वॉट नऊ तासांनी आणि 300 दिवसांनी गुणले असते तर 2,025 युनिट आले असते. वडिलांची भीती त्या आकड्याची होती, आणि तो खऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे.

युनिटचे रुपये करताना एक चूक सर्रास होते. लोक बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागतात आणि तो सरासरी दर धरतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांत आहे. पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग, 301 ते 500 त्याहून महाग आणि 500 च्या वर सगळ्यात महाग. फ्रिज, पंखे, दिवे, मिक्सर कॉम्प्युटर येण्यापूर्वीही चालतच होते. स्वस्त युनिटं त्यांनी आधीच वापरलेली असतात. नव्या कॉम्प्युटरची युनिटं त्यांच्या डोक्यावर चढतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. स्वतःचा दर काढायचा तर ताज्या बिलावर आपण ज्या टप्प्यात शेवट करतो त्याचा दर घ्यावा, त्यात प्रतियुनिट वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवावा आणि बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क चढवावं. स्थिर आकार यात धरायचा नाही, तो कॉम्प्युटर नसतानाही भरावाच लागतो.

समजा असा हिशेब करून 101 ते 300 च्या टप्प्यात युनिटला 13 रुपये आले आणि त्याच्या वरच्या टप्प्यात 17. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, दर बदलत राहतात. घराचा आधीचा वापर महिना 140 युनिट असेल तर कॉम्प्युटरसह तो 211 होतो. सगळी 71 युनिटं 13 रुपयांनी, वर्षाला साधारण 11,000. पण घरात आधीच 270 युनिट लागत असतील तर फक्त 30 युनिटं त्या टप्प्यात बसतात आणि 41 वर सरकतात. महिन्याचे 390 अधिक 697, म्हणजे 1,087. वर्षाला 13,000 च्या वर. मशीन तेच आणि कामही तेच, तरी खर्च दोन हजारांनी वाढला. एडिटिंगच्या कामाचा भाव ठरवताना या तरुणाने हा खर्च धरायलाच हवा. गोव्यात घरगुती दर महाराष्ट्रापेक्षा बराच कमी असल्याने तीच 850 युनिटं तिथे निम्म्याहून कमी पैशांत जातील.

एसएमपीएसवरच्या ब्राँझ, गोल्ड या शिक्क्यांचा अर्थ याच हिशेबात लागतो. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आतल्या भागांपर्यंत पोचते, ते 80 प्लसचे हे शिक्के सांगतात. 230 व्होल्टवर निम्म्या भाराला ब्राँझसाठी 88 टक्के आणि गोल्डसाठी 92 टक्के अशी अट आहे. आपल्या मशीनची मॉनिटर सोडून वर्षाची 663 युनिटं गोल्ड धरून आहेत. ब्राँझ लावला तर ती साधारण 693 होतील. फरक 30 युनिटांचा, म्हणजे 13 रुपयांनी सुमारे 400 रुपयांचा. गोल्डला दोन हजार रुपये जास्त पडत असतील तर ते पाच वर्षांत वसूल होतात. रोज नऊ तास राबणाऱ्या माणसाने गोल्ड घ्यावा, त्यावर वॉरंटीही बहुधा जास्त वर्षांची असते. शनिवार-रविवारी दोन तास गेम खेळणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र चांगल्या कंपनीचा ब्राँझ घेऊन उरलेल्या पैशांत एसएसडी मोठी करावी.

गरजेपेक्षा फार मोठा एसएमपीएस का टाळावा, तेही इथे कळतं. ब्राँझ आणि गोल्डच्या चाचण्या 20 टक्के भारापासून सुरू होतात. 1,200 वॉटच्या एसएमपीएसवर नुसतं चालू असलेलं आपलं मशीन 8 टक्क्यांच्या आसपास भार टाकतं. तिथे बहुतेक एसएमपीएसची कार्यक्षमता घसरते आणि शिक्का त्याबद्दल काहीच सांगत नाही. तोटा रुपयांत फार नाही, पण तो जास्त पैसे मोजून विकत घेतलेला असतो.

उन्हाळ्याचा एक खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. कॉम्प्युटरने खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते. एप्रिल-मेमध्ये दार लावून एसीत एडिटिंग करणाऱ्याच्या एसीला ती उष्णता बाहेर फेकावी लागते. कॉम्प्युटरच्या दर तीन युनिटांमागे एसीचं अंदाजे एक युनिट वाढतं. त्या दोन महिन्यांत 71 ऐवजी 95 च्या जवळ धरा.

हे सगळे अंदाज घरच्या मीटरवर पडताळता येतात. डिजिटल मीटरच्या चेहऱ्यावर 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ एका युनिटला लाल दिवा 3,200 वेळा लुकलुकतो. काही मीटरांवर आकडा वेगळा असतो, आपल्या मीटरवरचा बघा. फ्रिजसकट घरातलं बाकी सगळं पाच मिनिटांसाठी बंद करायचं, एक्स्पोर्ट लावायचा आणि एक मिनिट दिवा मोजायचा. 29 वेळा लुकलुकला तर 29 गुणिले 60 भागिले 3,200, म्हणजे 0.544 किलोवॉट, 544 वॉट. त्यातून मॉनिटरचे 70 वजा केले की 474 उरतात. आपण 480 धरले होते. तीच मोजणी टाइमलाइनवर काम करताना तीन-चारदा करून सरासरी घ्यावी, कारण तिथला 220 चा अंदाजच सगळ्यात जास्त हलतो आणि वर्षाच्या युनिटांत त्याचाच वाटा सगळ्यात मोठा आहे.